रूप, अर्थ आणि वर्ण : व्याकरणाच्या उत्तरांची दुरुस्ती

शालेय व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत विभक्ती, समास आणि संधी हे प्रश्न बहुधा एकाखाली एक येतात, आणि त्यांची तपासणीही सर्रास एकाच रीतीने होते. उत्तरसूचीत 'तृतीया' असून उत्तरपत्रिकेत 'चतुर्थी' आढळली की तांबड्या शाईची फुली पडते, 'बहुव्रीही'च्या जागी 'कर्मधारय' आला की तशीच दुसरी फुली पडते, आणि ज्याचे उत्तर चुकले त्या विद्यार्थ्याला आपण चुकलो एवढेच कळते, कोठे चुकलो हे कळत नाही. वास्तविक या तीन प्रश्नांत तीन निरनिराळ्या गोष्टी विचारलेल्या असतात. विभक्तीचे नाव मुख्यतः शब्दाच्या रूपावरून ठरते, समासाचे नाव त्या शब्दाच्या वाक्यातील अर्थावरून ठरते, आणि संधी जोडताना केवळ वर्णांचा हिशेब पाहावा लागतो. रूपाच्या प्रश्नाला अर्थाने, किंवा अर्थाच्या प्रश्नाला रूपाने दिलेले उत्तर ही विद्यार्थ्यांच्या चुकांमधील फार मोठी बाब आहे. आणि ज्या दुरुस्तीत हे रकाने वेगळे केलेले नाहीत ती दुरुस्ती स्वतः बरोबर असूनही शिकणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

विभक्तीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण येथे गोंधळाचे मूळ व्याकरणाच्या पुस्तकांतच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. या दीर्घ कालखंडात आणि त्यानंतरही शालेय पुस्तकांतून विभक्तींची नावे संस्कृत परंपरेचीच चालत आली. परंतु संस्कृतात द्वितीयेची आणि चतुर्थीची रूपे बहुधा वेगळी असतात, तर मराठीत त्या दोहोंचे प्रत्यय अगदी तेच आहेत: एकवचनी स, ला, ते आणि अनेकवचनी स, ला, ना, ते. म्हणजे इतर विभक्ती रूपावरून ओळखता येतात, आणि या दोन मात्र रूपावरून ओळखता येत नाहीत. विद्यार्थ्याला कोष्टक पाठ असते, त्याच कोष्टकात 'बैलांना' हे रूप दोन ठिकाणी छापलेले असते, आणि प्रश्नात मात्र एकच उत्तर मागितलेले असते. अशा स्थितीत त्याने अंदाजाने एक नाव लिहिले तर तो दोष एकट्या त्याचा म्हणता येणार नाही.

पुढील दोन वाक्ये घेऊ. 'शेतकऱ्याने बैलांना गोठ्यात बांधले' आणि 'शेतकऱ्याने बैलांना चारा घातला'. पहिल्यात 'बैलांना' हे कर्म आहे आणि विभक्ती द्वितीया. दुसऱ्यात कर्म 'चारा' आहे, 'बैलांना' हे संप्रदान आहे, म्हणजे देण्याची क्रिया ज्याच्याकडे वळते ते, आणि विभक्ती चतुर्थी. हे सांगणे सोपे आहे. परंतु विद्यार्थ्याने चुकीचे लिहिले असता 'अर्थ पाहा' एवढा मोघम शेरा त्याच्या हाती काही देत नाही, कारण अर्थ पाहूनच तो चुकलेला असतो. त्याला साक्ष हवी, आणि मराठीत ती साक्ष क्रियापद देते. दुसऱ्या वाक्यातील चाऱ्याच्या जागी पेंड ठेवली तर 'बैलांना पेंड घातली' असे होते, गवत ठेवले तर 'गवत घातले' असे होते. क्रियापद त्या दुसऱ्या शब्दामागे लिंग बदलीत जाते, म्हणजे कर्म तेच, आणि 'बैलांना' हा शब्द कर्माच्या जागेवर नाही. पहिल्या वाक्यात मात्र 'बैलांना बांधले', 'गाईला बांधले', 'वासराला बांधले' असे काहीही म्हटले तरी 'बांधले' जागचे हलत नाही. येथे क्रियापदाला आपल्याशी जुळवून घेणारे दुसरे नामच वाक्यात नाही, प्रयोग भावे आहे, आणि ज्याला बांधले तेच कर्म. एवढी दोन वाक्ये पानाच्या समासात लिहून दिली की पुढच्या वेळी विद्यार्थी ती कसोटी स्वतः लावू शकतो. ही कसोटी भूतकाळी वाक्याला लागते, हे मात्र त्याला सांगून ठेवले पाहिजे. 'शेतकरी बैलांना चारा घालतो' या वाक्यात क्रियापद कर्त्यामागे जाते आणि कर्माविषयी ते काहीच सांगत नाही, तेव्हा वाक्य आधी भूतकाळी करून घ्यावे लागते.

याच वाक्यांतील 'शेतकऱ्याने' या शब्दापाशी दुसरी एक चूक वारंवार आढळते. विभक्ती तृतीया हे उत्तर बरोबर येते. पण त्यापुढील कारकाच्या रकान्यात विद्यार्थी 'करण' लिहितो, कारण कोष्टकात तृतीयेसमोर करण हा कारकार्थ दिलेला असतो. येथे रूपाचे उत्तर खरे आणि अर्थाचे खोटे आहे. 'त्याने कोयत्याने ऊस तोडला' या वाक्यात 'ने' हा प्रत्यय दोनदा आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी विभक्ती तृतीयाच आहे. परंतु तेच वाक्य वर्तमानकाळी केले की 'तो कोयत्याने ऊस तोडतो' असे होते. पहिला 'ने' गळून पडला, दुसरा राहिला. काळ बदलताच ज्याचा प्रत्यय जातो तो कर्ता, आणि ज्याचा प्रत्यय कायम राहतो ते करण, म्हणजे क्रियेचे साधन. ही तपासणी इतकी निर्णायक आहे की माझ्या मते 'तृतीया म्हणजे करण' हे समीकरण पाठ करवून घेण्याऐवजी पहिल्या दिवसापासून हीच कसोटी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. अर्थात सर्वच वाक्ये अशी सरळ नसतात. 'मला भूक लागली' या वाक्यात क्रियापद भुकेशी जुळते आणि भूक अनुभवणारा मात्र चतुर्थीच्या रूपात येतो. त्या 'मला'चा कारकार्थ कोणता, याविषयी एकच नाव बिनतक्रार स्वीकारले जाईल अशी स्थिती नाही, आणि म्हणून असे वाक्य कारकाच्या प्रश्नात घालू नये, आणि घातलेच असेल तर विभक्तीचे नाव बरोबर असता कारकासाठी गुण कापू नयेत. अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी परक्या व्याकरणांचे साचे मराठीला लावण्याविषयी जी चर्चा केली, तिची आठवण अशा वाक्यापाशी आल्यावाचून राहत नाही.

विभक्तीच्या प्रश्नातील सर्वांत मोलाचा रकाना सामान्यरूपाचा आहे, आणि दुर्दैवाने तोच पुष्कळ प्रश्नपत्रिकांतून वगळलेला असतो. 'मुलाने' या शब्दाचा प्रत्यय विद्यार्थी 'आने' असा लिहितो. 'मूल' या शब्दातून 'मुलाने' कसे झाले हे त्याने मनाशी पाहिले, आणि शेवटी जे काही वाढलेले दिसले ते सर्व प्रत्ययाच्या खाती टाकले. त्याला मूळ शब्द मूल, सामान्यरूप मुला, प्रत्यय ने, अशा तीन पायऱ्या लिहावयास लावल्या तर ही चूक आपोआप टळते, आणि शिवाय शुद्धलेखनाच्या दोन चुका त्याच ठिकाणी सापडतात. एक म्हणजे अनुस्वाराची. 'मुलाना' असे लिहिणाऱ्याला 'मुलांना' असे दुरुस्त करून देताना कारण लिहावे की अनेकवचनी सामान्यरूपच 'मुलां' असे सानुस्वार आहे आणि 'ना' त्याला लागतो. गुरुजींना, राज्यपालांचा अशा आदरार्थी बहुवचनातही तो अनुस्वार त्याच कारणाने येतो. दुसरी चूक 'विहीरीत', 'दूधाला' यांसारख्या रूपांची. विहीर, दूध, मूल यांचा उपान्त्य स्वर दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, म्हणून विहिरीत, दुधाला, मुलाने. परंतु हा नियम मराठी शब्दांचा आहे. शरीर, गीत, सूत्र हे तत्सम शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत, शरीराला, गीताचा, सूत्रात असेच राहतात. हे न सांगता केवळ 'विहिरीत' एवढी दुरुस्ती केली की विद्यार्थी पुढच्या आठवड्यात 'शरिराला' लिहितो, आणि त्याने तो नियम निष्ठेने पाळलेला असतो.

आता 'घरावर' आणि 'मुलासाठी' या शब्दांकडे वळू. 'घरावर' याला सप्तमी आणि 'मुलासाठी' याला चतुर्थी असे उत्तर फार ठिकाणी येते. उत्तरसूचीप्रमाणे ते चूक आहे, कारण वर आणि साठी हे विभक्तिप्रत्यय नसून शब्दयोगी अव्यये आहेत. विद्यार्थी विचारतो की अर्थ तर स्थळाचाच आहे, मग सप्तमी का नाही? त्याला उत्तर असे द्यावे की विभक्तीचे नाव येथे रूपावरून ठरवावयाचे आहे, आणि शब्दयोगी अव्यय ओळखण्याची खूण अशी की नामाला 'च्या' लावून ते वेगळे उभे करता येते: घराच्या वर, झाडाच्या खाली, मुलाच्या साठी. 'झाडाच्या ला' किंवा 'घराच्या ने' असे मात्र होत नाही. सर्वनामांना ही खूण लागू पडत नाही, कारण माझ्याने, त्याच्यात अशी रूपे मराठीत रूढ आहेत. म्हणून कसोटी नेहमी नामावरच करावी.

परंतु याच विद्यार्थ्याने पान उलटून समासाचा प्रश्न सोडवावयास घेतला की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. तेथे 'क्रीडांगण' या शब्दाचा विग्रह 'क्रीडेसाठी अंगण' असा शिकवतात आणि समास चतुर्थी तत्पुरुष म्हणून सांगतात. 'चोरभय' याचा विग्रह 'चोरापासून भय' असा करून पंचमी तत्पुरुष म्हणतात. ज्या 'साठी'ला मागल्या पानावर चतुर्थी म्हणणे चूक ठरले, तीच 'साठी' या पानावर चतुर्थी ठरते! हा विरोध खरा आहे, तो विद्यार्थ्याच्या लक्षात आला तर त्याचे कौतुक केले पाहिजे, आणि त्याचा उलगडा त्याला मिळालाच पाहिजे. तो असा की तत्पुरुषाच्या नावातील चतुर्थी वा पंचमी ही त्या दोन पदांमधल्या संबंधाच्या अर्थावरून दिलेली आहे. संस्कृत विग्रहात तो अर्थ चतुर्थीच्या वा पंचमीच्या रूपाने व्यक्त होई, मराठी विग्रहात तो शब्दयोगी अव्ययाने व्यक्त होतो, आणि समासाचे नाव मात्र जुनेच राहिले आहे. विभक्तीच्या प्रश्नात रूप पाहावयाचे, समासाच्या प्रश्नात अर्थ पाहावयाचा. हे एक वाक्य ज्याला समजले त्याच्या निम्म्या शंका मिटतात, आणि ज्या पुस्तकात हे वाक्य नाही त्या पुस्तकाने मुलाला दोन परस्परविरुद्ध गोष्टी पाठ करावयास लावल्या, असेच म्हणावे लागेल.

समास अर्थावरून ठरतो याचा दुसरा परिणाम असा की सुट्या शब्दाचा समास विचारणे पुष्कळदा अन्यायाचे असते. 'पीतांबर ओळखा' एवढेच विचारले, आणि उत्तरसूचीत बहुव्रीही लिहिले असले, तर कर्मधारय लिहिणारा विद्यार्थी चुकला असे कोणत्या आधाराने म्हणावयाचे? 'पूजेच्या वेळी आजोबा पीतांबर नेसतात' या वाक्यात पीतांबर म्हणजे वस्त्रच. पिवळे असे अंबर, पहिले पद दुसऱ्याचे विशेषण, उत्तरपद प्रधान, आणि समास कर्मधारय. 'पीतांबराने गोवर्धन उचलला' या वाक्यात पीतांबर म्हणजे वस्त्र नव्हे आणि पिवळेपणाही नव्हे. पीत आहे अंबर ज्याचे असा तिसराच कोणी, म्हणजे श्रीकृष्ण, आणि समास बहुव्रीही. तपासताना विद्यार्थ्याने लिहिलेला विग्रह आधी वाचावा. विग्रह 'पिवळे असे वस्त्र' आणि नाव 'कर्मधारय' असे असेल तर ते उत्तर आपल्याशी सुसंगत आहे, आणि वाक्य दिलेले नसता त्याला पूर्ण गुण द्यावेत. विग्रह 'पीत आहे अंबर ज्याचे तो' असा लिहून खाली 'कर्मधारय' लिहिले असेल तर मात्र दोष नावात आहे, समजुतीत नाही. आणि उलट 'पिवळे असे वस्त्र' लिहून 'बहुव्रीही' असे नाव दिले असेल, तर ते नाव उत्तरसूचीशी जुळत असूनही पाठ केलेले आहे, समजलेले नाही. तिन्ही ठिकाणी शेरा निराळा पडला पाहिजे. विग्रह न पाहता नुसते नाव तपासणारा तपासनीस या तिसऱ्या उत्तराला पूर्ण गुण देतो आणि पहिल्याला शून्य, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते.

नकारार्थी पदांचीही हीच गोष्ट. 'अनादर' आणि 'अनाथ' या दोहोंच्या आरंभी नकारार्थी पद आहे, एकात 'अन्' आणि दुसऱ्यात 'अ', म्हणून विद्यार्थी दोन्हींना नञ् तत्पुरुष म्हणतो. अनादर म्हणजे आदर नसणे. शब्द त्या अभावाचेच नाव आहे, आणि तेथे नञ् तत्पुरुष बरोबर आहे. अनाथ म्हणजे नाथ नसणे नव्हे, तर ज्याला कोणी नाथ नाही असा माणूस. शब्द दोन्ही पदांच्या बाहेरच्या व्यक्तीकडे बोट दाखवतो, म्हणून तो नञ् बहुव्रीही. अव्ययीभावाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. प्रति, यथा, आ, दर, बिन ही अव्यये आरंभी दिसली की अव्ययीभाव, असा समज असतो, आणि प्रतिदिन, यथाशक्ती, आजन्म, दरसाल, बिनतक्रार या शब्दांपर्यंत तो निभतो. परंतु 'प्रतिनिधी' आणि 'प्रतिबिंब' यांपाशी तो कोसळतो. कसोटी सोपी आहे: अव्ययीभाव समास वाक्यात क्रियाविशेषणासारखा वापरला जातो आणि त्याला विभक्तिप्रत्यय लागत नाही. 'तो प्रतिदिन येतो' हे ठीक. 'प्रतिनिधीने सांगितले', 'प्रतिबिंबात दिसले' येथे प्रत्यय लागला, शब्द सरळ नामासारखा चालला, तेव्हा आरंभीचे अव्यय पाहून ठरवलेले नाव खोटे पडते.

द्वंद्वाच्या प्रकारांत पुन्हा क्रियापदाचीच साक्ष उपयोगी पडते. 'आईबाप' आणि 'मीठभाकर' या दोन्हींचा विग्रह विद्यार्थी 'आणि' घालून करतो आणि दोन्हींना इतरेतर म्हणतो. 'आईबाप आले' येथे क्रियापद अनेकवचनी आहे, दोघे वेगवेगळे मोजलेले आहेत, म्हणून इतरेतर. 'चार दिवस मीठभाकर मिळाली' येथे क्रियापद एकवचनी आहे. मीठ आणि भाकर वेगळी मोजलेली नाहीत, त्यांच्याबरोबर येणारे आणखी साधेसुधे अन्नही त्यात धरलेले आहे, म्हणून विग्रह 'मीठ, भाकर वगैरे' असा आणि समास समाहार द्वंद्व. भाजीपाला आणला, केरकचरा काढला, चहापाणी झाले, सर्वत्र एकवचन. 'पापपुण्य', 'बरेवाईट' यांसारख्या शब्दांचा विग्रह 'किंवा' घालून होतो आणि समास वैकल्पिक ठरतो.

'पुरणपोळी' आणि 'साखरभात' यांच्याविषयी एक गोष्ट सांगून समासाचा विषय संपवतो. या शब्दांना षष्ठी तत्पुरुष म्हणणारे विद्यार्थी 'पुरणाची पोळी' असा विग्रह देतात, आणि बोलण्यात आपण तसे म्हणतोही. मग तो चूक का? पुरणाची पोळी या शब्दांतून पुरण आणि पोळी यांचा नेमका संबंध निघत नाही, तो 'पुरण घालून केलेली' या मधल्या पदांतून निघतो, आणि ती पदे समासात लोपलेली आहेत, म्हणून मध्यमपदलोपी. परंतु ही दुरुस्ती करताना विद्यार्थ्याचा विग्रह बोलीत खरा आहे, हे कबूल करून मग अधिक नेमका विग्रह त्याखाली लिहावा.

संधीकडे येताच जमीन बदलते. येथे दोन पदे जोडताना अर्थाचा काही संबंध नाही. पहिल्या पदाचा शेवटचा वर्ण आणि दुसऱ्याचा पहिला वर्ण एवढेच पाहावयाचे, आणि नियमाने जे होईल ते लिहावयाचे. म्हणून जोडणीच्या चुकीची दुरुस्ती करताना दोन्ही पदे वर्णशः फोडून दाखवण्यासारखा उत्तम उपाय नाही. 'उज्वल' हा शब्द इतका रुळलेला आहे की विद्यार्थ्याला 'उज्ज्वल' हेच चुकीचे वाटते. उत् अधिक ज्वल असे मांडून द्यावे: त् पुढे ज् आला, म्हणून त् चा ज् झाला, ज्वलचा स्वतःचा ज् कोठे गेलेला नाही, म्हणजे ज् दोन, आणि त्यानंतर व्. वर्णांचा जमाखर्च जुळला नाही तर एक ज् कोणी खाल्ला ते सांगावे लागेल, आणि नियमात तर तसा लोप कोठे नाही. महत्त्व आणि तत्त्व यांची जोडणीही अशाच हिशेबाने तपासता येते, कारण महत् आणि तत् यांचा त् कायम राहून पुढे त्व येतो. पण हीच दुरुस्ती कारणाशिवाय केली की विद्यार्थी पुढे 'नेतृत्त्व', 'अस्तित्त्व' लिहू लागतो. नेतृ आणि अस्ति यांच्या शेवटी त् नाहीच, त्यांना नुसता त्व लागतो, तेव्हा त् एकच.

विसर्गाच्या जागी काय यावे याविषयीचा घोटाळा सर्वांत खोल आहे, आणि त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. मनः अधिक रथ मिळून मनोरथ, यशः अधिक धन मिळून यशोधन, हे पाहून विद्यार्थी नियम असा बांधतो की 'अ'नंतरच्या विसर्गाचा 'ओ' होतो; मग तो मनः अधिक कामना मिळून 'मनोकामना' लिहितो आणि पुनः अधिक जन्म मिळून 'पुनोजन्म' लिहितो. पहिल्या चुकीचे कारण पुढच्या वर्णात आहे: पुढे मृदू वर्ण असला तरच 'ओ' होतो, र आणि ध मृदू आहेत, क, ख, प, फ हे कठोर वर्ण पुढे आले की 'अ'नंतरचा विसर्ग सामान्यतः तसाच राहतो, जसे अंतःकरण, प्रातःकाल, आणि म्हणून मनःकामना. दुसऱ्या चुकीचे कारण मागच्या पदात आहे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. मराठीत आपण दोन्हीकडे सारखाच विसर्ग लिहितो, परंतु मनः आणि यशः यांचा विसर्ग मुळात स् चा आहे, मनस्, यशस्. पुनः आणि अंतः यांचा विसर्ग मुळात र् चा आहे, पुनर्, अंतर्. मृदू वर्णापुढे स् च्या विसर्गाचा 'ओ' होतो, र् च्या विसर्गाचा मात्र र् परत उभा राहतो, म्हणून पुनर्जन्म, अंतर्गत. हे दोन कुळांचे विसर्ग आहेत एवढे एकदा सांगितले की विद्यार्थ्याला अपवाद म्हणून पाठ करावे लागणारे शब्द अपवाद राहत नाहीत. नमस्कार, पुरस्कार हे शब्द मात्र या चौकटीत बसत नाहीत, तेथे क पुढे असूनही विसर्गाचा स् झालेला आहे, आणि ते वेगळे सांगावेच लागतात.

जोडणीत अर्थ लागत नसला तरी फोडणीत तो लागतो, ही गोष्ट मात्र पुष्कळ तपासनिसांच्या ध्यानात नसते. 'सदाचार' याची फोड विद्यार्थी सदा अधिक आचार अशी करतो. वर्णांच्या हिशेबाने तीत काही दोष नाही. आ आणि आ मिळून आ होतोच. ती चूक आहे ती अर्थाने, कारण सदाचार म्हणजे चांगले आचरण, म्हणून सत् अधिक आचार, आणि स्वर पुढे आल्यामुळे त् चा द्. शेऱ्यात 'संधीचा नियम चुकला' असे लिहिणे येथे असत्य होईल; नियम बरोबर लावला आहे, पद चुकीचे निवडले आहे. आणि 'सदानंद' या शब्दात तर सदा अधिक आनंद व सत् अधिक आनंद या दोन्ही फोडी वर्णाने आणि अर्थानेही उभ्या राहतात. उत्तरसूचीत कोणतीही एक असो, दुसरी लिहिणाऱ्याचा गुण कापण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

मराठीच्या स्वतःच्या संधींचा एक दाखला येथे घेतला पाहिजे, कारण तो पुन्हा विभक्तीच्या पानाशी भांडतो. 'नदीत' हा शब्द संधीच्या धड्यात नदी अधिक आत असा फोडून पूर्वरूप संधी म्हणून शिकवतात, आणि विभक्तीच्या धड्यात त्याच शब्दाचा प्रत्यय 'त' असा सांगतात. ज्या विद्यार्थ्याने विभक्तीच्या उत्तरात प्रत्यय 'आत' लिहिला, त्याने दुसऱ्या धड्यातले खरे उत्तर चुकीच्या ठिकाणी लिहिले आहे. दुरुस्ती करताना दोन्ही उत्तरे शेजारी लिहून, विभक्तीच्या कोष्टकात 'त' हाच प्रत्यय मानलेला आहे आणि येथे तोच विचारला आहे, एवढे सांगणे पुरे.

शेवटचा प्रश्न संस्कृतातील नियम आणि मराठीतील मान्य लेखन यांच्या सीमेवरचा आहे. निः अधिक रोग याची जोडणी विचारली असता उत्तर 'नीरोग' हेच. र् पुढे र आला की पहिला र् लोपतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो, नीरस हा शब्द त्याच रीतीचा. परंतु त्याच विद्यार्थ्याने निबंधात 'निरोगी' लिहिले असेल तर त्याखाली तांबडी रेघ ओढू नये, कारण मराठीत तो शब्द त्या रूपाने रूढ आहे. अन्त्य स्वराचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक नियम शासनाने 1962 साली मान्य केले आणि 1972 साली त्यांत भर पडली. त्यांप्रमाणे कवी, बुद्धी, गती हे तत्सम शब्द स्वतंत्रपणे दीर्घ लिहावयाचे, आणि समासात पूर्वपदी आले असता मूळचे ऱ्हस्व, म्हणजे कविराज, बुद्धिवैभव. संधीच्या उत्तरात 'कवीश्वर' याची फोड कवी अधिक ईश्वर अशी लिहिणाऱ्याने मराठीतील स्वतंत्र लेखनाचा नियम पाळलेला आहे. त्याच्या उत्तरात 'कवि' असा मूळ ऱ्हस्व शब्द दाखवून द्यावा आणि गुण मात्र पूर्ण द्यावेत. विद्यार्थी, मंत्री, पक्षी यांसारखे मूळचे इन्-अन्त शब्दही त्याच नियमांप्रमाणे समासात पूर्वपदी ऱ्हस्वान्तच लिहावयाचे, विद्यार्थिमंडळ, मंत्रिमंडळ, पक्षिमित्र. स्वतंत्र 'मंत्री' दीर्घ म्हणून 'मंत्रीमंडळ' हेच शुद्ध मानून मुलाचे 'मंत्रिमंडळ' खोडणाऱ्या तपासनिसाने आधी त्या नियमांचे पुस्तक उघडून पाहावे, आणि कवी, मंत्री दीर्घ का व कविराज, मंत्रिमंडळ ऱ्हस्व का, हे कारण पानाच्या समासात लिहून मगच पुढच्या उत्तराकडे वळावे.